बीजगणित बिघडले, परवा भूमिती आहे

बुधवारी दुपारी सव्वा वाजता दहावीचे केंद्र सुटते. फाटकाबाहेर उभे राहिले की कोणाचा पेपर कसा गेला हे विचारावे लागत नाही. ज्यांना सोपा गेला ती पोरे घोळक्याने, मोठमोठ्याने उत्तरे जुळवत येतात. ज्यांचा बिघडला ती भिंतीच्या कडेने येतात आणि त्यांची प्रश्नपत्रिका चौघडी घालून कंपासपेटीत कोंबलेली असते. आमच्या वस्तीतली सुजाता (नाव बदलले आहे) अशीच आली. आईने विचारले, "कसा गेला गं?" ती म्हणाली, "बरा." घरी आल्यावर तिने ताट बाजूला सारले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी तिची आई विहाराच्या अभ्यासिकेत आमच्याकडे आली. "ताई, पोरगी म्हणते परवाच्या पेपरला जाणारच नाही. गणित गेलं म्हणजे दहावी गेली, असं म्हणते."

बीजगणिताचा पेपर बुधवारी होता आणि भूमितीचा शुक्रवारी. बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पेपर संपला, शुक्रवारी सकाळी ११ वाजता पुढचा सुरू होणार. मधे जवळपास ४६ तास होते. या ४६ तासांचे त्या घरात काय झाले ते इथे सांगतो, कारण दर मार्चमध्ये आपल्या प्रत्येक गल्लीत एखाद्या घरात हेच घडते. आणि पहिल्या पेपरापेक्षा जास्त नुकसान या मधल्या तासांत होते, असे आम्ही पाहिले आहे.

आम्ही वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढली, म्हणून आधी शरीराबद्दल बोलतो. पेपर हातातून निसटतोय असे वाटले की शरीर त्याला संकटच समजते. भीतीने अॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, तळवे गार पडतात, पोटात कळ येते, भूक मरते. अशा वेळी डोके पळायच्या तयारीत असते, शिकायच्या नाही. म्हणून पुस्तक उघडले तरी एकच ओळ चार वेळा वाचावी लागते. मुलांना वाटते, आपल्याला काहीच येत नाही. खरे तर ती वेळच वाचायची नसते. हा जोर तासा-दोन तासांत उतरतो. पण एक अट आहे: त्याला पुन्हा पेटवायचे नाही. मैत्रिणीचा फोन आला, "तिसऱ्याचं उत्तर किती आलं तुझं?", व्हॉट्सअॅपवर कोणी सोडवलेली उत्तरे टाकली, शेजारच्या काकूंनी दारात येऊन विचारले, की प्रत्येक वेळी धडधड पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संध्याकाळपर्यंत असे पाच-सहा वेळा झाले की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा.

म्हणून त्या दुपारी आईने करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मुलीचा फोन आपल्याकडे ठेवून घ्यायचा. रागावून हिसकावायचा नाही, "रात्रीपर्यंत माझ्याकडे राहू दे" एवढेच म्हणायचे. अंघोळ घालायला सांगायची. मार्चच्या उन्हात पत्र्याच्या घरात नुसत्या गार पाण्यानेही अंग हलके होते. जेवण जात नसेल तर वरणभात पातळ करून किंवा ताकभात, चार घास. रडू आले तर रडू द्यायचे, गप्प करायचे नाही. तासभर झोप लागली तर लागू द्यायची, पण चारच्या पुढे झोपू द्यायचे नाही, नाहीतर रात्री डोळा लागत नाही. आणि "मी सांगत होते ना, मोबाईल ठेव बाजूला" हे वाक्य त्या दिवशी तरी गिळून टाकायचे. ते खरे असले तरी बुधवारी त्याचा काही उपयोग नसतो. सुजाताच्या वडिलांनी कामावरून येताच नेमके तेच म्हटले होते. त्यांना आम्ही ओट्यावर घेऊन गेलो, चहा पाजला आणि म्हटले, "दादा, शुक्रवारनंतर काय ते बोला."

संध्याकाळी सहा वाजता सुजाता अभ्यासिकेत आली, मान खाली घालून. आम्ही तिला म्हटले, पेपर काढ, आपण एकदाच हिशोब करू. एकदाच. त्यानंतर ती प्रश्नपत्रिका आमच्या कपाटात जाईल आणि सगळे पेपर संपल्यावर परत मिळेल.

हिशोब का करायचा, असे कोणी विचारेल. आत्ताच तर म्हणालात उत्तरे जुळवू नका. फरक असा की घोळक्यात उत्तरे जुळवताना काय चुकले तेच मोजले जाते, आणि आम्ही मोजले काय हातात आहे ते. "सगळं गेलं" या शब्दाला आकार नसतो, म्हणून तो रात्रभर छातीवर बसतो. आकडा लहान असला तरी त्याला आकार असतो.

बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे आठ उपप्रश्न असतात, चार बहुपर्यायी आणि चार छोटे. दुसऱ्यात दोन गुणांची उदाहरणे, एकूण १२ गुणांची. तिसरा ९ गुणांचा, चौथा ८ आणि पाचवा ३. सुजाताला आम्ही सांगितले, जे नक्की बरोबर आहे तेवढेच धर, शंका असेल तिथे शून्य लिही. पहिल्या प्रश्नात सहा नक्की. दुसऱ्यात चौकटी भरायची एक कृती पूर्ण, ते दोन. त्याच प्रश्नातली दोन उदाहरणे, ते चार. चौथ्यात वर्गसमीकरणाचे शाब्दिक उदाहरण अर्धे राहिले होते. गणितात बरोबर लिहिलेल्या पायऱ्यांनाही गुण मिळतात, तरी आम्ही तिथे शून्यच धरले. तिसरा आणि पाचवा कोरा. बेरीज झाली १२.

ती रडायला लागली. आम्ही वहीत पुढचे लिहिले. दहावीला बीजगणित आणि भूमिती वेगवेगळे पास व्हावे लागत नाहीत. बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० असे मिळून गणित १०० गुणांचे होते, आणि पास व्हायला ३५ लागतात. सुजाताचे अंतर्गत गुण आम्हाला ठाऊक नव्हते, पण तिने गृहपाठाच्या वह्या वेळेवर दिल्या होत्या, चाचण्या दिल्या होत्या. आम्ही हात आखडून १२ धरले. बारा आणि बारा चोवीस. राहिले ११.

"म्हणजे भूमितीत मला चाळीसपैकी अकरा पाहिजेत?" तिने विचारले. हो, अकरा. तोंडावर हसू वगैरे आले नाही, पण तिने नाक पुसले आणि प्रश्नपत्रिकेची घडी उलगडली. आणखी एक गोष्ट तिला माहीत नव्हती. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वात चांगले पाच विषय धरतात. म्हणजे गणित पास होण्यापुरते झाले आणि बाकीचे पाच विषय चांगले गेले, तर गणिताचे कमी गुण तिच्या टक्क्यांना खाली ओढणार नव्हते. ज्या दिवशी मुलगी "आता बाकीचे पेपर देऊन काय उपयोग" म्हणते, त्या दिवशी ही माहिती औषधासारखी वापरायची असते. ती शाळेने आधीच सांगायला हवी, पण आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या मुलांना ती ठाऊक नसते.

यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: पेपर का बिघडला? कारण "अभ्यासच झाला नाही", "येत होते पण डोके बधिर झाले" आणि "येत होते पण वेळ पुरला नाही" ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींना एकच उपाय लावून चालत नाही. सगळी मुले पहिलेच कारण सांगतात, कारण स्वतःला दोष द्यायची सवय लागलेली असते. सुजाताला आम्ही घड्याळाप्रमाणे विचारत गेलो. अकराला काय केलेस? साडेअकराला कुठे होतीस? मग कळले. क्लासमध्ये कोणीतरी सांगितले होते की जास्त गुणांचे आधी सोडवा. तिने चौथा प्रश्न आधी घेतला. शाब्दिक उदाहरणात समीकरण चुकीचे मांडले गेले, खोडले, पुन्हा मांडले. नंतर श्रेढीचे उदाहरण धरले, तेही अडकले. घड्याळात पाहिले तर सव्वाबारा. तिथून पुढे हात कापायला लागला, आणि दुसऱ्या प्रश्नातली येणारी उदाहरणेही तिने वाचून सोडून दिली. म्हणजे दुखणे अभ्यासाचे नव्हते, क्रमाचे होते. सव्वा तासात आठ गुणांच्या मागे लागून वीस गुण हातचे घालवले.

भूमितीच्या पेपरचा साचा हाच असतो. म्हणून शुक्रवारचा क्रम तिथेच वहीत ठरवला. पहिला प्रश्न १५ मिनिटे, दुसरा ४० मिनिटे. अकराला सुरू केले तर बाराला पाच मिनिटे असताना २० गुणांचे लिहून झालेले असेल, आणि तिला हवे होते ११. तिसऱ्याला अर्धा तास. उरलेला वेळ चौथ्या-पाचव्याला, आणि कुठल्याही उदाहरणावर दहा मिनिटांहून जास्त बसायचे नाही, जागा सोडून पुढे जायचे.

बुधवारी रात्री अभ्यास काहीच दिला नाही. आईला हे पटेना, "एवढा वेळ वाया?" म्हणाली. पण त्या रात्री जागून वाचलेले टिकत नाही. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के होते ते झोपेत, म्हणून झोप कापून अभ्यास वाढवणे म्हणजे ओंजळीला भोक पाडून पाणी भरणे. संध्याकाळी सहानंतर चहा बंद केला, कारण चहाचा अंमल पाच-सहा तास राहतो. साडेदहाला अंथरूण. झोप येत नसेल तर आनापान: श्वास मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणे लांब असले की छातीची धडधड उतरते. दहा मिनिटे पुरतात. एकाच खोलीत सहा माणसे झोपत असतील तर टीव्ही दहाला बंद करणे हेच त्या मुलीसाठी घरातल्यांनी केलेले सर्वात मोठे काम.

गुरुवार. सकाळी सहाला उठून पाणी भरून झाले, नाश्ता झाला, सातला ती अभ्यासिकेत होती. पुस्तकात सात प्रकरणे आहेत. सातही घ्यायची नाहीत, हे आधी ठरवले. जी अजिबात येत नाहीत ती आज शिकायची नाहीत. तिला समरूपतेची अवघड उदाहरणे कधीच आली नव्हती, ती गुरुवारीही आली नसती, उलट "मला काहीच येत नाही" ही भीती परतली असती. अर्धवट येणारी प्रकरणे घ्यायची, कारण थोड्या वेळात गुण तिथेच वाढतात. तिने तीन निवडली. निर्देशक भूमिती, कारण अंतराचे सूत्र, मध्यबिंदूचे सूत्र आणि रेषेचा चढ एवढे पाठ असले की आकडे घालून उत्तर निघते. त्रिकोणमिती, निदान ३०, ४५ आणि ६० अंशांच्या किमतींपुरती. आणि भौमितिक रचना. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना तिला येत होती, फक्त एक पायरी विसरत होती: केंद्र आणि तो बिंदू जोडला की त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढून मध्य मिळवायचा, आणि त्या मध्यातून वर्तुळ काढायचे. ती तिने पाच वेळा काढली, पाचव्यांदा पुस्तक न बघता.

ठीक ११ वाजता आम्ही तिच्यापुढे जुनी प्रश्नपत्रिका ठेवली आणि घड्याळ लावले. अकराच का, तर उद्या हाच तास आहे. दोन तास, ठरलेल्या क्रमाने. किती गुण पडतात यापेक्षा क्रम हातात बसतो का ते पाहायचे होते. पहिल्या वेळी ती दुसऱ्या प्रश्नातल्या एका उदाहरणावर अडकून तिथेच बसली, अगदी बुधवारसारखी. आम्ही नुसते बोट पुढच्या उदाहरणावर ठेवले. एक वाजता तपासले तर वीसपैकी पंधरा पहिल्या दोन प्रश्नांतच होते. दुपारी जेवण, झोप अर्धा तास. संध्याकाळी चार ते सहा फक्त चुकलेली उदाहरणे पुन्हा सोडवली, नवे काही नाही. सातला पुस्तक मिटले. हॉल तिकीट, दोन पेने, टोक केलेल्या पेन्सिली, पट्टी, कंपास घट्ट आहे का, पाण्याची बाटली, हे सगळे तिने स्वतःच्या हाताने पिशवीत भरले. पाळीची तारीख जवळ होती म्हणून पॅडही. हे आया विसरतात.

शुक्रवारी सकाळी तिला उपाशी जाऊ दिले नाही. पोट बिघडलेले असते म्हणून मुले चहा-बिस्किटावर जातात आणि बाराच्या सुमाराला डोळ्यापुढे अंधारी येते. पोहे किंवा भाकरी-दही पुरे. साडेदहापर्यंत केंद्रावर पोचायचे, पण फाटकाशी पुस्तके उघडून उभ्या असलेल्या घोळक्यात नाही, जरा बाजूला. आणि आत डोके पुन्हा बधिर झालेच तर काय करायचे तेही आधी ठरवले होते: पेन खाली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, लांब सोडलेले आठ श्वास. याला दीड मिनिट लागते. मग पहिल्या प्रश्नातले जे सर्वात सोपे दिसेल ते एक लिहायचे. हात लिहायला लागला की डोके मागून येते.

तिने ते एकदा केले, असे नंतर सांगितले. फाटकाबाहेर आईने पेपरबद्दल काही विचारले नाही. सुजाता स्वतःच म्हणाली, "रचना आली."

शुक्रवार संपला तरी धोका संपत नाही. विज्ञानाचा पहिला भाग सोमवारी होता. मधल्या शनिवार-रविवारी मुले दोन टोकांना जातात. एक तर "भूमिती बरी गेली" म्हणून दिवसभर फोन, नाहीतर बीजगणिताची भरपाई करायची म्हणून रात्र-रात्र जागरण. आम्ही गुरुवारचीच घडी ठेवली: सकाळी अर्धवट येणारे धडे, ११ ते १ जुनी प्रश्नपत्रिका, दुपारनंतर चुका, सातला बंद. विज्ञानाच्या पहिल्या भागात दहा धडे आहेत. शनिवारी चार घेतले, रविवारी तीन, आणि तीन सोडून दिले. सोडून देणे ठरवून केले की त्याची भीती वाटत नाही. गणिताचे पुस्तक घरातून हलवले.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. रडणे, जेवण न जाणे, चिडणे हे एक-दोन दिवस चालते आणि उतरते. पण मूल बोलायचेच बंद झाले, दोन रात्री झोपले नाही, "मी तुमच्यावर ओझं आहे", "मी नसते तर बरं झालं असतं" असे बोलले, आपल्या आवडत्या वस्तू भावंडांना वाटू लागले किंवा स्वतःला इजा करून घेतली, तर तो परीक्षेचा ताण म्हणून सोडून द्यायचा नाही. सरळ विचारायचे: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे आम्ही वॉर्डात शिकलो. उलट विचारल्यावर मूल बोलते. "हो" म्हणाले तर ओरडायचे नाही, शपथा घालायच्या नाहीत, एकटे सोडायचे नाही. घरातली गोळ्या-औषधे, फिनेल, उंदराचे औषध शेजारी नेऊन ठेवायचे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र फुकट फोन लागतो, मराठीत बोलता येते. आणि मुलाने काही घेतल्याचा नुसता संशय आला, तरी "आता बरा दिसतोय" म्हणून थांबायचे नाही, लगेच सरकारी दवाखान्यात न्यायचे. काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

आपण विहारात नव्वद टक्केवाल्यांचे फलक लावतो, त्यांचा सत्कार करतो, ते बरोबरच आहे. पण त्याच फलकाखालून ३५ साठी झटणारी पोरे रोज जातात, हे आम्हाला हल्ली जास्त दिसते.

सुजाताला गणितात शंभरपैकी ४६ मिळाले. त्याच गल्लीतल्या एका मुलाला २७ मिळाले आणि गणित राहिले. त्याचे बीजगणित बिघडल्यावर तो भूमितीला गेलाच नव्हता, आणि आम्हाला ते निकालाच्या दिवशी कळले. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळू शकतो. त्याने तो घेतला आणि राहिलेला विषय पुरवणी परीक्षेला दिला. पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि निकाल लागल्यावर त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत किंवा गुणपडताळणी मागायची असेल तर तिचीही. त्याचे वडील त्या दिवसांत बाहेरगावी कामावर होते, म्हणून शाळेत त्याच्याबरोबर आम्ही गेलो.